जुलैचा पगार : हातात किती, गावाकडे किती

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कामाला लागलो तेव्हा पगाराचा एकच आकडा मला आणि घरच्यांना ठाऊक होता, तो म्हणजे महिना पंधरा हजार. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बसून आबांनी त्यातून माझ्या खाण्याराहण्याचे पाच हजार वजा केले, दरमहा दहा हजार येतील असे धरले आणि त्या दहा हजारांवर कृषी केंद्राची उधारी, बायकोच्या बचत गटाचा हप्ता आणि मुलीच्या शाळेचा खर्च बसवूनही टाकला. प्रत्यक्षात जुलै २०२४ च्या पगारातून मी सहा हजार पाठवले. मधले चार हजार कुठे गेले, हे घरी फोनवर सांगण्याआधी मला स्वतःला कागदावर मांडून पाहावे लागले. तो हिशेब येथे जसाच्या तसा देत आहे, कारण आमच्या रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्यांमधून राहणारी हिंगोली, परभणी, नांदेडकडची बहुतेक मुले आजही खात्यात आलेली रक्कम पाहूनच घरचा आकडा ठरवतात.

सुरुवातीला पगारपत्रक मिळतच नव्हते. बँकेचा संदेश येई, तेवढाच काय तो पुरावा. आमच्या खोलीत लोहा तालुक्यातले एक वयस्क गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांनी बजावून सांगितले की पगारपत्रक मागितल्याशिवाय हिशेबाला हात घालू नकोस. ठेकेदाराच्या कार्यालयात जाऊन मागितल्यावर तेथील मुनिमाने जुलैचे पगारपत्रक छापून दिले. हातभर लांबीची ती पट्टी होती, डावीकडे कमाई, उजवीकडे कपात आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पेड डेज २४’. मी थेट खालच्या निव्वळ रकमेकडे पाहत होतो. मामांनी पट्टी माझ्या हातून घेतली आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. “पैसे नंतर मोज. आधी दिवस मोज.”

दिवसांपासून सुरुवात करण्याचे कारण असे की आमचा पगार महिन्याच्या नावाने सांगितला जातो, पण दिवसाच्या दराने दिला जातो. माझे मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिन्याचे १४,३०० रुपये ठरले होते. त्याला २६ ने भागले की रोजचे ५५० रुपये येतात. त्यावर पाच टक्के घरभाडे भत्ता, म्हणजे रोजचे साडेसत्तावीस. दोन्ही मिळून दिवसाला ५७७ रुपये ५० पैसे, आणि त्याचे २६ दिवस केले की १५,०१५ होतात. गावात पोहोचलेला पंधरा हजारांचा आकडा हाच. तो खोटा नव्हता, परंतु तो बरोबर २६ दिवस भरले तरच खरा ठरतो आणि तोही कपातीच्या आधीचा असतो. २६ ने भागताना साप्ताहिक सुट्टीचा पैसा रोजच्या दरातच मिसळलेला असतो, म्हणून रविवारचा वेगळा पगार मिळत नाही. याचा परिणाम असा होतो की एकही खाडा न करता महिन्याचा पगार बदलतो. जून २०२४ मध्ये पाच रविवार होते, म्हणजे कामाचे दिवस २५ भरले. जुलैत चार रविवार होते, म्हणजे २७ भरले. दोन्ही महिने तितकेच घाम गाळून ११५५ रुपयांचा फरक पडतो आणि घरी वाटते की पोराने या वेळी हात आखडला. काही ठेकेदार २६ ऐवजी ३० ने भागतात. त्या पद्धतीत रोजचा दर कमी दिसतो, पण मग रविवारही पगारी दिवसांत धरला गेला पाहिजे. दर ३० चा आणि दिवस मात्र रविवार सोडून, असा मेळ घातला असेल तर कामगाराचे नुकसान होते. हे ओळखायला सोपे आहे. पगारपत्रकातल्या मूळ वेतन आणि विशेष भत्त्याच्या बेरजेला पगारी दिवसांनी भागावे आणि येणारा दर ठरलेल्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहावा.

जुलैच्या २७ दिवसांपैकी माझे तीन खाडे होते. सोयाबीनची कोळपणी आणि फवारणी उरकायला मी गावाकडे गेलो होतो. उरले २४ दिवस, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी हजेरीच्या ज्या फुल्या मारतो त्याही २४ च होत्या, त्यामुळे पगारी दिवसांबद्दल वाद उरला नाही. २४ दिवसांचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता १३,२०० रुपये, घरभाडे भत्ता ६६० रुपये. शिवाय महिन्यात वीस तास ओव्हरटाइम झाला होता, त्याचे १,३७५ रुपये लावले होते. एकूण कमाई १५,२३५.

ओव्हरटाइमच्या आकड्यापाशी मात्र थांबावे लागले. ५५० ला आठ तासांनी भागले की तासाला ६८ रुपये ७५ पैसे येतात आणि वीस तासांचे बरोबर १,३७५ होतात, म्हणजे ओव्हरटाइम साध्या दराने दिलेला होता. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ प्रमाणे तो नेहमीच्या दराच्या दुप्पट असायला हवा होता. मुनिमाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, इथं सगळ्यांचा सिंगलच आहे.” माझ्यासारख्या नव्या माणसाने एकट्याने हा वाद लावून धरावा की नाही याबद्दल खोलीत दोन मते होती आणि ती अजूनही आहेत. घरी पाठवायच्या हिशेबापुरते मी इतकेच ठरवले की जे मिळायला हवे ते वेगळ्या वहीत लिहायचे आणि गणित जे मिळाले त्याचेच करायचे.

आता कपात. यात सगळ्यात मोठी रक्कम भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे आपण ज्याला पीएफ म्हणतो त्याची. ती १२ टक्के असते हे सगळ्यांना माहीत असते, पण १२ टक्के कशाचे, हे फार थोडे जण पाहतात. ती एकूण कमाईवर नसून मूळ वेतन आणि विशेष भत्त्यावर लागते. घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम तिच्या बाहेर राहतात. म्हणून माझी कपात १३,२०० चे १२ टक्के, म्हणजे १,५८४ रुपये झाली. राज्य कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची कपात २०२४ मध्ये याच्या उलट होती. तिचा दर फक्त पाऊण टक्का होता, परंतु ती घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम धरून सगळ्या कमाईवर लागत होती. १५,२३५ चा पाऊण टक्का ११४ रुपये २६ पैसे होतो आणि वरचे पैसे पुढच्या रुपयात धरले जात असल्यामुळे ११५ कापले गेले. तिसरी कपात व्यवसाय कराची. हा कर टक्केवारीने चालतच नाही. पुरुष कामगाराची महिन्याची कमाई दहा हजारांवर गेली की सरळ २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. खाडे केले म्हणून तो कमी होत नाही, कमाई दहा हजारांच्या खाली घसरली तरच १७५ होतो. कामगार कल्याण निधीचे २५ रुपये फक्त जून आणि डिसेंबरमध्ये जातात, त्यामुळे जुलैत ते नव्हते.

कायद्याने होणाऱ्या या तीन कपातींची बेरीज १,८९९ झाली आणि १३,३३६ रुपये उरले. त्यानंतर दोन कपाती आमच्या आपल्या होत्या. कॅन्टीनच्या जेवणाचे वीस रुपयांप्रमाणे २४ दिवसांचे ४८०, आणि उचलीचा हप्ता १,५००. जूनमध्ये पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी मी ठेकेदाराकडून तीन हजारांची उचल घेऊन घरी पाठवली होती, ती दोन हप्त्यांत फेडायची होती. खात्यात ११,३५६ रुपये जमा झाले.

उचलीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण फोनवरचा सगळा गैरसमज तिच्यापाशीच होता. घरच्यांच्या दृष्टीने जूनमधले तीन हजार ही वेगळी, त्या वेळची मदत होती आणि जुलै-ऑगस्टचे पैसे नेहमीप्रमाणे यायलाच हवे होते. वास्तविक ते तीन हजार म्हणजे जुलै आणि ऑगस्टच्या पगाराचाच आगाऊ पोहोचलेला भाग होता. मी आबांना सांगितले की या महिन्याचे दीड हजार तुमच्याकडे जूनमध्येच आलेले आहेत, बियाण्याच्या पिशव्यांच्या रूपाने. “मग तसं आधीच सांगायचं ना, मी किती आकडे धरून बसलोय,” असे ते म्हणाले आणि त्यात तथ्य होते. तेव्हापासून उचल घेताना कोणत्या महिन्यांतून किती कापले जाणार हे मी त्याच फोनवर सांगतो आणि बायको ते बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते.

खात्यातल्या ११,३५६ मधून आधी महिनाभर जगण्याचे पैसे बाजूला काढायचे असतात. येथे एक गोष्ट सहज निसटते. जुलैचा पगार ऑगस्टच्या सात तारखेच्या आसपास येतो, म्हणून त्यातून जुलैचा खर्च वजा करायचा नसतो, तर पुढच्या पगारापर्यंतचा, म्हणजे सात सप्टेंबरपर्यंतचा खर्च राखायचा असतो. आमची खोली ३,६०० रुपये भाड्याची आहे आणि आम्ही चौघे आहोत, त्यामुळे माझ्या वाट्याला ९०० येतात. वीज आणि पाण्याचे १५०. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवतो, म्हणून मेस रात्रीची आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही वेळची, तिचे १,७०० आगाऊ द्यावे लागतात. चहा-नाश्त्याला ७५०. साबण, तेल, दाढी-कटिंग, क्वचित एखादी गोळी यासाठी ३५०. मोबाइलचे रिचार्ज त्याच जुलैच्या सुरुवातीला महाग झाले होते, त्याचे २९९. रिचार्ज महिन्याचे म्हणतात, पण ते २८ दिवसांचे असते, म्हणजे वर्षाला बारा नव्हे तर तेरा वेळा ते मारावे लागते. कंपनी पायी जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून रिक्षाचा खर्च नाही. या सगळ्याची बेरीज ४,१४९ झाली. आबांनी धरलेले पाच हजार याहून जास्तच होते, म्हणजे त्यांचा अंदाज माझ्या खर्चाच्या बाबतीत चुकलेला नव्हता. तो चुकला होता पंधरा हजारांच्या बाबतीत.

राहिले ७,२०७. त्यातून गावाकडच्या खेपेचे ७५० रुपये मामांना परत द्यायचे होते. जालना, मंठा, जिंतूरमार्गे एसटीने जाण्यायेण्याचे भाडे आणि अलीकडच्या-पलीकडच्या रिक्षा मिळून तेवढे लागले होते आणि महिन्याच्या मध्याला खिसा रिकामा असल्यामुळे ते त्यांच्याकडून घेतले होते. ते वजा जाता ६,४५७ उरले. चारशे-साडेचारशे रुपये अडीनडीला खात्यात ठेवले आणि सहा हजार पाठवले.

या खेपेचा हिशेब मी नंतर वेगळा करून पाहिला. एका खाड्याने ५७७ रुपये ५० पैसे बुडतात. त्या दिवसाचा पीएफ ६६ रुपये आणि ईएसआयचे चार-साडेचार रुपये कापले जात नाहीत, त्यामुळे हातातले नुकसान सुमारे ५०७ रुपयांचे होते. तीन खाड्यांचे १,५२० आणि भाड्याचे ७५० धरले तर कोळपणी-फवारणीची ती खेप मला २,२७० रुपयांना पडली. त्या दिवसांत गावात गड्याची मजुरी रोजची पाचशे चालू होती. तीन दिवसांचा गडी लावला असता तर पंधराशेत काम झाले असते. म्हणजे शेतीचे काम करायला म्हणून जाण्यापेक्षा गड्याची मजुरी पाठवणे जवळपास पावणेआठशे रुपयांनी स्वस्त होते. अर्थात पाऊस उघडला की सगळ्या गावाची फवारणी एकाच वेळी निघते आणि पाचशे देऊनही गडी मिळत नाही, शिवाय लेकीला भेटण्याची किंमत कोणी या आकड्यात धरत नाही. तरीही ‘घरचंच काम, पैसे कशाला घालवायचे’ हे जे आपण सहज म्हणतो, ते नोकरीत असलेल्या माणसाच्या बाबतीत खरे राहत नाही, एवढे या आकड्यांवरून दिसते.

ओव्हरटाइमचे गणित याच्या उलट निघते. त्यावर पीएफ कापला जात नाही, व्यवसाय कर आधीच ठरलेला असतो आणि ईएसआय तेव्हा तासामागे पन्नास-बावन्न पैसे जात होता. त्यामुळे साध्या दराच्या ६८ रुपये ७५ पैशांपैकी ६८ रुपये हातात पडत होते. वीस तासांचे जवळजवळ १,३६५ रुपये जवळपास अखंड मिळाले होते आणि सहा हजारांचा आकडा गाठता आला तो त्यांच्यामुळेच. पण ओव्हरटाइम आपल्या हातात नसतो. ऑर्डर कमी झाली की सुपरवायझर तीच पाळी आठ तासांवर आणतो. म्हणून घरी जो ठरावीक आकडा सांगायचा त्यात ओव्हरटाइम धरायचा नाही, असे मी ठरवले. त्याचा पैसा वेगळा राहू द्यायचा आणि त्यातून गावाकडच्या खेपा आणि दिवाळीचे कपडे भागवायचे.

मग ठरावीक आकडा किती? त्यासाठी चांगला महिना न घेता हलका महिना घेतला, २४ दिवसांचा आणि ओव्हरटाइम नसलेला. कमाई १३,८६०. पीएफ १,५८४, ईएसआय १०४, व्यवसाय कर २००, कॅन्टीन ४८० वजा जाता ११,४९२. त्यातून राहण्याखाण्याचे ४,१४९ काढले की ७,३४३ उरतात. उचलीचा हप्ता चालू असेल तर त्यातून दीड हजार जाऊन ५,८४३ राहतात. ऑगस्टच्या पगारात उचलीचा दुसरा हप्ता जाणार होता, म्हणून आबांना सांगितले की ऑगस्टच्या पगाराचे सहा हजार येतील आणि सप्टेंबरच्या पगारापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून दर महिन्याला सात हजार धरा, त्याहून एक रुपयाही जास्त धरू नका. सप्टेंबरमध्ये पाच रविवार होते आणि २५ च दिवस भरले, तरी ७,८२९ उरले आणि सात हजार पाठवायला अडचण आली नाही.

पैसे पाठवायला मला खर्च येत नाही. बायकोच्या बँक खात्यावर यूपीआयने थेट टाकतो. खर्च येतो तो तिकडे पैसे हातात घेताना. तिच्याकडे साधा फोन आहे आणि एटीएम तालुक्याला. म्हणून ती गावातल्या बँक ग्राहक सेवा केंद्रात आधार लावून अंगठ्यावर पैसे काढते आणि तेथला मुलगा दर वेळी वीस रुपये घेतो. सुरुवातीला मी हातात येतील तसे दोन-तीन वेळा थोडे थोडे पाठवत असे, तेव्हा तितक्या वेळा वीस रुपये जात. आता एकदाच पाठवतो. खुरपणीच्या दिवसांत मात्र अंगठ्याच्या रेषा झिजून यंत्र तो ओळखत नाही, तेव्हा दुसरे बोट लावून पाहावे लागते, नाहीतर सेनगावला जाऊन शाखेतून काढावे लागतात. बचत गटाचा हप्ता दहा तारखेला असतो आणि माझा पगार कधी सातला, कधी आठला होतो, त्यामुळे एका हप्त्याएवढी रक्कम तिच्या खात्यात कायम मागे ठेवण्याची पद्धत आम्ही पाडली आहे.

पीएफचे १,५८४ रुपये घरच्यांना नुसती कपात वाटते आणि हातात येत नाहीत म्हणून तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते आपल्याच नावावर साठत असतात, आणि तितकीच रक्कम ठेकेदारालाही त्याच्या बाजूने भरावी लागते. माझ्या बाबतीत त्याच्या १,५८४ पैकी १,१०० निवृत्तिवेतनाच्या खात्यात आणि ४८४ भविष्यनिर्वाह निधीत जायला हवेत. पगारातून कापलेले पैसे खरोखर भरले गेले की नाही, हे मात्र आपणच पाहावे लागते. ठेकेदाराने ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. खात्याशी जोडलेल्या मोबाइलवरून पुढील संदेश 7738299899 या क्रमांकावर पाठवला की शेवटची भरलेली रक्कम मराठीत कळते :

```
EPFOHO UAN MAR
```

जुलैची रक्कम ऑगस्टच्या १५ नंतर पाहिली तर भरलेली होती. खोलीतल्या एकाची, जो दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे, मेपासून पुढची रक्कम दिसत नव्हती, पगारपत्रकात मात्र दर महिन्याला कापलेली होती. त्याने तिन्ही महिन्यांची पगारपत्रके जपून ठेवली होती. ती घेऊन तो आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात गेला, कारण ठेकेदाराने भरले नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. सप्टेंबरअखेर त्याच्या खात्यात मागची रक्कम दिसू लागली.